निवृत्त होणाऱ्या शाखा व्यवस्थापकाचा निरोपाचा संदेश: मराठीत एक, इंग्रजीत दुसरा

प्रश्न: "मी राष्ट्रीयीकृत बँकेत शाखा व्यवस्थापक आहे, या महिन्याच्या 31 तारखेला निवृत्त होतोय. सहकाऱ्यांना मराठी आणि इंग्रजीत निरोपाचा संदेश पाठवायचा आहे. आधी इंग्रजीत लिहिला आणि त्याचं मराठी केलं, पण मराठी वाचताना ते माझं वाटतच नाही. काय चुकतंय? किती मोठा लिहू, आणि त्यात काय असावं?"

उत्तर:

तुमचं मराठी कच्चं नाही. तुम्ही एकच पत्र दोन भाषांत लिहायला बसलात, तिथे गाडी अडली आहे. तुमचा इंग्रजी संदेश वाचणार ते विभागीय कार्यालयातले लोक, जुन्या बॅचचे सोबती आणि परप्रांतातल्या पोस्टिंगमधले सहकारी. मराठी वाचणार ती रोज सकाळी तुमच्यासमोर शटर उघडणारी माणसं. या दोन गटांना तुमच्याबद्दल वेगवेगळं ठाऊक आहे आणि तुमच्याकडे त्यांना सांगण्यासारखंही वेगवेगळं आहे. त्यामुळे एकाचं भाषांतर करून दुसरं पत्र होणार नाही. दोन्ही पत्रं स्वतंत्र लिहा, आणि आधी मराठी लिहा.

मी बँकेतच 33 वर्षं काढली. त्यातली शेवटची काही वर्षं विभागीय कार्यालयात कर्मचारी विभागात होते. निवृत्त होणाऱ्यांचे संदेश परिपत्रकासोबत जायचे किंवा गृहपत्रिकेत छापले जायचे, आणि त्याआधी ते माझ्या टेबलावरून जात. आता ओळखीतले लोक खर्डे पाठवतात. त्यामुळे पुढचं सगळं वाचलेल्या आणि दुरुस्त केलेल्या पत्रांवरून सांगते आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकते. शाखेत आणि वरच्या कार्यालयात सगळेच मराठी असतील, जसं सहकारी बँकेत बहुधा असतं, तर इंग्रजी पत्राची गरज नाही. शाखेत दोन-तीन अमराठी अधिकारी असतील तर त्यांना इंग्रजी पत्र पाठवून भागवू नका, त्यांच्याशी समोरासमोर बोला. आणि तुमच्यावर एखादी चौकशी चालू असेल, किंवा एखाद्या कर्जखात्यावरून खुलासा मागितलेला असेल, तर निवृत्तीची तारीख आणि आभार एवढ्या दोन ओळींवर थांबा. अशा वेळी लिहिलेला प्रत्येक शब्द कोणीतरी वेगळ्या नजरेने वाचतं.

बाकी सगळ्यांसाठी एक उदाहरण उलगडून सांगते. आमच्या एका तालुक्याच्या शाखेचे व्यवस्थापक 31 मे 2025 ला निवृत्त झाले. 1988 मध्ये भरती मंडळाची परीक्षा देऊन क्लार्क म्हणून लागले, पुढे अधिकारी झाले, बढतीवर काही वर्षं कोइमतूरला राहिले आणि शेवटची तीन वर्षं या शाखेत होते. त्यांनी मला पाठवलेला पहिला मराठी खर्डा असा सुरू होत होता:

"माझ्या प्रिय सहकाऱ्यांनो, बँकेतील माझ्या प्रदीर्घ आणि फलदायी प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यावर उभा असताना माझं मन संमिश्र भावनांनी भरून आलं आहे. तुमच्या अमूल्य पाठिंब्याशिवाय हे शक्य झालं नसतं. तुमच्या भविष्यातील सर्व प्रयत्नांसाठी माझ्या हार्दिक शुभेच्छा."

यात व्याकरणाची एकही चूक नाही. पण हे साहेब शाखेत असं बोलताना कोणी कधी ऐकले नव्हते. "संमिश्र भावना" आणि "भविष्यातील प्रयत्न" हे शब्द इंग्रजी पत्राच्या साच्यातून उतरले होते. शिवाय यातलं एकही वाक्य असं नव्हतं की जे शेजारच्या बँकेच्या व्यवस्थापकाला सही करून पाठवता आलं नसतं. मी खर्डा वाचताना हीच कसोटी लावते: नाव खोडलं तर पत्र कोणाचं आहे हे शाखेतल्या माणसाला ओळखता येतं का?

मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, पत्र बाजूला ठेवा, या शाखेतला एक दिवस सांगा. ते लगेच कोइमतूरवर गेले. 10 नोव्हेंबर 2016 ची सकाळ, नोटाबंदीनंतर बँका पहिल्यांदा उघडल्या तो दिवस. दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत रांग, तमिळ त्यांना येईना, आणि रात्री उशिरा कॅश शेवटच्या नोटेपर्यंत जुळली. सुरेख आठवण आहे. पण या तालुक्याच्या शाखेतलं कोणीच तेव्हा तिथे नव्हतं. निरोपाच्या पत्रात समोरच्या माणसाला स्वतःला शोधायचं असतं, आणि साहेब दुसऱ्याच शाखेची गोष्ट सांगताहेत म्हटल्यावर तो बाहेरचा होऊन वाचतो.

म्हणून पुन्हा विचारलं: या शाखेतला दिवस. थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "पेन्शनच्या दिवशी लिंक गेली होती, तो." मग मी फक्त ऐकलं. महिन्याच्या सुरुवातीचा दिवस, साडेदहाला लिंक गेली, आवारात सत्तर-ऐंशी निवृत्तिवेतनधारक. दप्तरींनी आतली बाकडी उचलून बाहेर कडुनिंबाखाली नेली. एका क्लार्क मुलीने कागदाचे तुकडे करून त्यावर नंबर लिहिले, म्हणजे कोणाला उभं राहावं लागू नये. पावणेचारला लिंक आली. कॅशियर बाई तोवर जेवल्या नव्हत्या आणि लिंक आल्यावरही उठल्या नाहीत. शेवटच्या आजोबांना पैसे मिळाले तेव्हा साडेपाच झाले होते.

इथेच दोन्ही पत्रांचा प्रश्न सुटला. कोइमतूरची आठवण इंग्रजीत गेली, कारण 10 नोव्हेंबर 2016 हा दिवस देशातल्या कुठल्याही बँक कर्मचाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. तारीख वाचली की ज्याला त्याला आपापली शाखा आठवते. पेन्शनचा दिवस मराठीत गेला, कारण तो त्या शाखेतल्या नऊ माणसांचाच होता. तुमच्याही बाबतीत असंच करून बघा. इंग्रजीसाठी असा प्रसंग निवडा जो सगळ्या बँकेने भोगला: 31 मार्चची रात्र, संगणकीकरणाच्या वेळी खाती चढवण्याचे दिवस, विलीनीकरणानंतर नवी प्रणाली आली तो आठवडा. मराठीसाठी असा प्रसंग निवडा जो फक्त तुमच्या भिंतींच्या आत घडला.

आता मराठी पत्रातल्या तीन-चार शब्दांकडे जरा जवळून बघू, कारण घोटाळा तिथेच होतो.

पहिला शब्द "आपण". इंग्रजीतल्या एका शब्दासाठी मराठीत दोन आहेत. "आम्ही" म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, "आपण" म्हटलं की आत येतो. इंग्रजीवरून मराठी करताना लोक हटकून "आम्ही ते लक्ष्य पूर्ण केलं" असं लिहितात, आणि ज्यांनी ते पूर्ण केलं त्यांनाच वगळून टाकतात. "आपण या शाखेत तीन वर्षं एकत्र काढली" असं लिहा. पण श्रेय देण्याच्या जागी "आपण"ही सोडा आणि "तुम्ही" लिहा. "त्या दिवशी आपण सगळ्यांना पैसे दिले" यात साहेब स्वतःला वाटेकरी करून घेतात. "तुम्ही दिलेत" यात ते बाजूला होतात, आणि वाचणाऱ्याला तो फरक जाणवतो. शाखेबद्दल मात्र शेवटच्या दिवशी "आपली शाखा" असंच म्हणा. "तुमची शाखा" म्हटलंत तर चाव्या देण्याआधीच पाठ फिरवल्यासारखं होतं.

दुसरं वाक्य तुम्हीही लिहिलं असणार: "कळत-नकळत कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा करावी." मराठी निरोपात हे लागतं. ते नसेल तर पत्र अपुरं वाटतं, म्हणून ते काढा असं मी कधीच सांगत नाही. फक्त ते इतक्या वेळा लिहिलं गेलं आहे की वाचणारा ते नजरेने ओलांडून पुढे जातो. व्यवस्थापकाने माणसं कशी दुखावली असतील हे शाखेला ठाऊक असतं: रजा नाकारली, काउंटरवर ग्राहकासमोर बोलले, संध्याकाळी सातला नवं काम दिलं. या साहेबांचा आवाज चढायचा. आम्ही ते वाक्य असं केलं: "कामाच्या घाईत माझा आवाज चढायचा. ज्यांना तो सोसावा लागला त्यांची मनापासून माफी मागतो." नाव कोणाचंच घेतलं नाही, पण ज्याला समजायचं त्याला समजलं. आणि एखाद्याशी खरोखरच फार कडू झालं असेल तर पत्राच्या आधी त्याच्या टेबलापाशी जाऊन बोला. त्याची माफी सगळ्यांसमोर कागदावर मागितलीत तर त्यालाच अवघडल्यासारखं होईल. हे वाक्य इंग्रजीत मात्र नेऊ नका. तिथे ते खऱ्याच एखाद्या तक्रारीची कबुली दिल्यासारखं वाचलं जातं.

तिसरा शब्द "नियत वयोमानानुसार". हा सरकारी वाटतो, पण पहिल्या वाक्यात ठेवा. स्वेच्छानिवृत्ती की वयाने निवृत्ती, हा प्रश्न लोकांच्या मनात येतोच, आणि या दोन शब्दांनी तो मिटतो. त्यानंतरचं सगळं पत्र बोलत्या मराठीत असू द्या. इंग्रजीत याच जागी आपल्या बँकांतले लोक "सुपरअ‍ॅन्युएट" लिहितात. चूक नाही, पण "रिटायर" पुरतं.

नावांबद्दल बहुतेक सगळेच विचारतात. नऊ जणांची शाखा असेल तर नऊही नावं येऊ शकतात, पण मग क्रम लागतो, आणि बँकेत क्रम म्हणजे ज्येष्ठता. कोणाचं नाव आधी, कोणाला "जी" लावलं, कोणाला "मॅडम", यावर चर्चा होते. वीस जणांत एक नाव सुटलं तर बाकीची एकोणीस फुकट जातात. मी कामावरून ओळख पटेल असं लिहायला सांगते. "कोणी बाकडी कडुनिंबाखाली नेली, कोणी कागदावर नंबर लिहून दिले" असं लिहिलं की दप्तरींना कळतं ते आपण, क्लार्क मुलीला कळतं ती आपण, आणि त्या दिवशी रजेवर असलेल्यालाही वगळल्यासारखं वाटत नाही. यात सुरक्षा रक्षक, सफाईच्या बाई, बँकमित्र हेही बसतात. ही माणसं बहुधा कंत्राटी असतात, त्यांचे पत्ते बँकेच्या मेल यादीत नसतात आणि कधी कधी शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातही ती नसतात. म्हणून मराठी पत्राची एक छापील प्रत नोटीस बोर्डावर लावा. ती लावलेली मी जिथे जिथे पाहिली, तिथे ती पुढे बरेच दिवस कोणी काढली नव्हती.

आता पत्रात काय येऊ द्यायचं नाही ते सांगते. ही चूक चांगल्या मनाने लिहिणारी माणसंच करतात. आठवणी सांगताना नियम मोडल्याची कबुली नकळत लिहिली जाते. माझ्यासमोर आलेल्या एका खर्ड्यात होतं: "त्या रात्री कॅशमध्ये पाच हजारांची तूट आली आणि आपण सगळ्यांनी खिशातून भरून ती जुळवली." लिहिणाऱ्याला यात एकोपा दिसत होता. पण कॅशची तूट नोंदवायची असते. ती नोंद न करता परस्पर भरली ही अनियमितता झाली, आणि कॅशियरला अजून पंधरा वर्षं नोकरी करायची होती. दुसऱ्या एका खर्ड्यात होतं: "मी मीटिंगला गेलो की माझ्या आयडीवरून तुम्ही काम अडू दिलं नाहीत." म्हणजे पासवर्ड दुसऱ्याला दिला होता, हे लेखी झालं. "कागद अपुरे असतानाही आपण त्या गरीब माणसाला कर्ज दिलं" हेही त्याच जातीचं. तुम्ही निवृत्त व्हाल, पण पत्र फिरत राहील आणि ज्यांचे आभार मानलेत तेच अडचणीत येतील. प्रत्येक आठवण लिहून झाली की स्वतःला विचारा: तपासणी अधिकाऱ्याने हे वाचलं तर तो पुढचा प्रश्न काय विचारेल?

ग्राहकांचंही तसंच. "अमुक उद्योजकाचं खातं थकलं होतं, ते आपण वसूल केलं" असं नावानिशी लिहू नका. खातेदाराच्या व्यवहारांची गुप्तता हे राष्ट्रीयीकृत बँकांवर कायद्यानेच बंधन आहे, 1970 च्या कायद्यात त्यासाठी कलम 13 आहे, आणि आपण सगळ्यांनी रुजू होताना गुप्ततेच्या प्रतिज्ञेवर सही केलेली असते. निवृत्तीने ती सुटत नाही. नाव न घेता "ते थकलेलं गिरणीचं खातं" म्हटलं तरी छोट्या गावात ते नाव घेतल्यासारखंच आहे. ठेवी किती वाढल्या, एनपीए किती खाली आणला, हे आकडेही मी मराठी पत्रातून काढते. ते तुमच्या कार्यभार अहवालात असतातच. वरच्यांना सांगायचे असतील तर इंग्रजीत एक आकडा ठेवा, त्याहून जास्त नको.

हे सगळं करून साहेबांचं मराठी पत्र असं झालं:

"मंडळी,

नियत वयोमानानुसार आज मी बँकेच्या सेवेतून निवृत्त होतो आहे. 1988 साली क्लार्क म्हणून लागलो तेव्हा लेजर हाताने लिहायचो. आज चाव्या सोपवल्या.

या शाखेत आपण तीन वर्षं एकत्र काढली. मला सगळ्यांत जास्त आठवणार आहे तो पेन्शनचा दिवस. साडेदहाला लिंक गेली आणि पावणेचारला आली. कोणी बाकडी कडुनिंबाखाली नेली, कोणी कागदावर नंबर लिहून दिले, कोणी पाणी भरून ठेवलं, कोणी गेटवर एकेकाला हात धरून आत आणलं. दुपारचा डबा कोणी उघडला नाही. साडेपाचला शेवटच्या आजोबांना पैसे मिळाले आणि एकही माणूस रिकाम्या हाताने घरी गेला नाही. त्या दिवशी मी फक्त फोनवर लिंकची चौकशी करत होतो. बाकी सगळं तुम्ही केलंत.

कामाच्या घाईत माझा आवाज चढायचा. ज्यांना तो सोसावा लागला त्यांची मनापासून माफी मागतो.

सोमवारपासून नवे साहेब येत आहेत. मला जसं सांभाळलंत तसंच त्यांना सांभाळा.

माझा नंबर तोच आहे. या गावात आलो की शाखेत डोकावल्याशिवाय जाणार नाही.

येतो."

शेवटच्या शब्दावर आमचं बरंच बोलणं झालं. त्यांनी आधी "अलविदा" लिहिलं होतं. मराठी माणूस घरातून निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. निरोपाला याहून चांगला शब्द मला माहीत नाही, आणि तो इंग्रजीत नेता येत नाही. इंग्रजीवरून मराठी केलं असतं तर तो सापडलाच नसता.

हे पत्र साधारण सव्वाशे शब्दांचं आहे. मराठीसाठी मी दोनशेपर्यंत मुभा देते. फार लांबलं की व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर मध्येच तुटतो, आणि उरलेला वाचायला बोट लावणारे फार कमी. तुमच्याकडे सांगण्यासारखं जास्त असेल तर ते समारंभातल्या भाषणात सांगा. भाषण आणि पत्र यांत एकच प्रसंग दोनदा सांगू नका.

इंग्रजी पत्र याहूनही लहान हवं. ते वाचणारा माणूस दिवसभरात शंभर मेल उघडतो आणि तुमचं नाव त्याला कदाचित सही-शिक्क्यावरूनच माहीत असतं. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: कोण निवृत्त होतंय, राहिलेल्या कामांसाठी आता कोणाला लिहायचं, आणि तुमच्याशी संपर्क ठेवायचा तर कसा. यात एक माणुसकीचं वाक्य बसवलं की पत्र तयार. आपल्याकडच्या इंग्रजी निरोपपत्रांत "स्वीट मेमरीज", "सेकंड इनिंग्ज", "बिड अ‍ॅड्यू" ही ठरलेली मंडळी असतात. ती काढली तर पत्राचं काहीही बिघडत नाही.

साहेबांचं इंग्रजी पत्र खाली उच्चाराप्रमाणे देते आहे, म्हणजे मोठ्याने वाचून बघता येईल. विषयाच्या ओळीत त्यांनी शाखेचं नाव, स्वतःचं नाव आणि "रिटायरिंग टुडे" एवढंच लिहिलं होतं.

"डिअर कलीग्ज, आय रिटायर टुडे आफ्टर थर्टी-सेव्हन इयर्स इन द बँक. आय जॉइन्ड अ‍ॅज अ क्लार्क इन 1988. मेनी ऑफ यू विल रिमेंबर द मॉर्निंग ऑफ 10 नोव्हेंबर 2016. आय वॉज इन कोइमतूर, अँड माय टीम अँड आय हार्डली शेअर्ड अ लँग्वेज. दॅट नाइट द कॅश टॅलीड टु द लास्ट नोट. आय हॅव ट्रस्टेड धिस बँक्स पीपल एव्हर सिन्स. थँक यू. द ब्रँच हॅज बीन हँडेड ओव्हर. प्लीज राइट टु द ब्रँच आयडी ऑन पेंडिंग मॅटर्स. माय पर्सनल नंबर इज बिलो, अँड आय वुड बी ग्लॅड टु हिअर फ्रॉम यू."

वाक्यं छोटी आहेत, कारण हे साहेब इंग्रजीत छोटी वाक्यंच बोलायचे. तुमचं इंग्रजी जसं आहे तसंच राहू द्या. कोणाकडून तरी भारदस्त करून घेतलेलं पत्र ओळखू येतं, आणि ज्यांनी तीस वर्षं तुमच्या नोट वाचल्यात त्यांना तर पहिल्या ओळीतच. कोइमतूरच्या एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना त्याच संध्याकाळी फोन केला आणि विचारलं, "त्या रात्री आपण किती वाजता निघालो होतो, आठवतं का?" साहेबांना आधी या पत्रात आभाराच्या ओळी कमी वाटत होत्या, पण त्या फोननंतर त्यांनी त्या मागितल्या नाहीत.

पाठवण्याच्या वेळेबद्दल थोडं. शेवटच्या दिवशी तुमच्या हातात वेळ नसतो. संयुक्त ताब्यातल्या चाव्या, कार्यभार यादीवरच्या सह्या, मग समारंभ. आणि दिवस संपला की तुमचा यूजर आयडी बंद होतो, त्यासोबत बऱ्याचदा बँकेचा मेलही. म्हणून इंग्रजी पत्र आदल्या दिवशी तयार ठेवा आणि शेवटच्या दिवशी दुपारी, चाव्या दिल्या की लगेच, बँकेच्या मेलवरून पाठवा. आधी पाठवलंत तर "हँडेड ओव्हर" हे वाक्य खोटं ठरतं. 31 तारीख रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी येत असेल तर आधीचा कामाचा दिवस धरा. ज्यांचे पत्ते हवेत, म्हणजे निवृत्त झालेले, बदलून गेलेले, त्यांची यादीही आदल्या आठवड्यातच स्वतःच्या वहीत उतरवून घ्या.

मराठी पत्र समारंभानंतर, संध्याकाळी घरी पोहोचल्यावर गटात टाका. समारंभाआधी टाकलंत तर लोक ते वाचूनच हॉलमध्ये येतात आणि तुमच्या बोलण्यात नवं काही उरत नाही. टाइप करताना युनिकोड वापरा. शाखेतल्या जुन्या संगणकावर बिगर-युनिकोड मराठी फाँट असेल आणि त्यात लिहून मेलला चिकटवलंत, तर समोरच्याला नुसती चिन्हं दिसतात. आधी स्वतःच्याच फोनवर पाठवून बघा. जोडाक्षरं नीट दिसली तर बहुधा सगळीकडे दिसतील.

राहता राहिला फोन नंबर. सहकाऱ्यांच्या पत्रात द्या, पण तेच पत्र ग्राहकांच्या गटात किंवा फेसबुकवर टाकू नका. "माजी व्यवस्थापक" असं सांगून खातेदारांना फोन करणारे भामटे अशाच पत्रांतून नाव, शाखा आणि हुद्दा उचलतात. शिवाय खरे खातेदारही कर्जाच्या कामासाठी तुम्हालाच फोन करत राहतील, आणि नव्या व्यवस्थापकाला ते जड जाईल. ग्राहकांसाठी शाखेच्या दारावर दोन ओळींची वेगळी सूचना लावा: अमुक तारखेपासून शाखेचा कार्यभार नव्या व्यवस्थापकांकडे आहे, कामासाठी त्यांना शाखेतच भेटावं. त्यात तुमचा नंबर नको.